काखेतला कळसा

चार वर्षांच्या मुलाच्या चष्म्याचा नंबर काढायचा, तर त्याला नुसतं ‘समोरचं अक्षर वाच’ म्हणून भागत नाही. लहान मुलाच्या डोळ्यातला भिंग जवळ-लांब जुळवणारा स्नायू इतका जोमदार असतो, की तो खरा नंबर लपवून टाकतो. म्हणून आधी त्या स्नायूला दोन-तीन दिवस सुट्टी द्यावी लागते. त्यासाठी ॲट्रोपिनचं एक टक्क्याचं मलम दिलं जातं.

अशाच एका मुलाची आई तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला कडेवर घेऊन येते. नंबर काढायचा तर आहेच, पण तिची तक्रार वेगळी आहे. ‘‘डॉक्टर, कालपासून अंग भाजतंय, तोंड लालबुंद झालंय. तापाचं औषध दोनदा दिलं, काही फरक नाही. आणि रात्री उठून भिंतीवरच्या मुंग्या वेचत होता. भिंतीवर एकही मुंगी नव्हती हो!’’

डॉक्टर आधी मुलाच्या काखेत बोटं घालतात. तापलेल्या पोराची काख निदान दमट तरी लागते. ही भाकरीच्या पिठासारखी कोरडी आहे.

‘‘ताई, मलम लावलंत की थेंब घातलेत?’’

‘‘मलम मिळालं नाही, म्हणून दुकानातून थेंबांची बाटली घेतली. हा डोळे गच्च मिटून घ्यायचा. गेला नाही असं वाटलं की पुन्हा घालायचे.’’

निदान इथंच झालं. एक टक्का म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध. एक मिलिलिटरचे साधारण २० थेंब होतात, म्हणजे एका थेंबात अर्धा मिलिग्रॅम. आपल्याकडे ॲट्रोपिनच्या इंजेक्शनची जी छोटी काचेची अँप्युल मिळते, तिच्यात असतं ०.६ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाच्या शिरेत टोचायच्या औषधाएवढंच जवळपास डोळ्याच्या एका थेंबात असतं. दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब दिवसातून तीनदा घातले, तर दिवसाला ६ मिलिग्रॅम होतात. डोळ्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही. उरलेलं काही गालावर ओघळतं, पण बरंचसं डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या नळीतून नाकात आणि तिथून रक्तात जातं. म्हणून लहान मुलांना थेंबांपेक्षा मलम बरं. थेंब घालायचेच असतील, तर घातल्यावर नाकाशेजारचा तो कोपरा एक-दोन मिनिटं बोटानं दाबून धरायचा.

त्या मुलाच्या अंगात एकामागून एक काय बिघडत गेलं, याला ठरलेला क्रम आहे. तो क्रम कळला, की ॲट्रोपिनचे उपयोग, त्याची भावंडं आणि त्याची विषबाधा वेगवेगळी पाठ करावी लागत नाहीत.

खुर्ची अडवून बसणारा

आपल्या नकळत चालणारी कितीतरी कामं ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या निरोपावर चालतात. लाळ सुटणं, आतडी हलणं, लघवी होणं, हृदयाची गती आवरणं, डोळ्याची बाहुली लहान होणं ही सगळी त्यातलीच. मज्जातंतूच्या टोकाशी हे रसायन सुटतं आणि समोरच्या पेशीवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतं. या जागांना मस्करिनिक रिसेप्टर म्हणतात.

ॲट्रोपिन याच जागांवर जाऊन बसतं. आपल्याला सगळ्यांना ठाऊक असलेला एक कारकून असतो, जो खुर्ची अडवून बसतो, पण फाईल काही हलवत नाही. ॲट्रोपिन तसं आहे. ते स्वतः कुठलाच हुकूम देत नाही, फक्त दुसऱ्याचा निरोप पोचू देत नाही. मात्र ही अडवणूक कायमची नसते. ॲसिटिलकोलीनची गर्दी वाढली, तर ते ॲट्रोपिनला उठवून खुर्ची परत मिळवू शकतं. ही संगीत खुर्ची लक्षात ठेवा, पुढं शेतकऱ्याच्या उपचारात तिच्यावरच सगळं गणित बेतलेलं आहे.

घामाच्या बाबतीत एक गंमत आहे. घाम आणणाऱ्या नसा ‘लढा किंवा पळा’ म्हणणाऱ्या सिंपथेटिक यंत्रणेच्या असतात. त्या यंत्रणेचा नेहमीचा निरोप्या निराळा, पण घामाच्या ग्रंथींपुरतं तीही ॲसिटिलकोलीनच वापरते. म्हणून ॲट्रोपिननं घाम बंद होतो. हा शरीररचनेतला अपवादच पुढं निदानाला कामी येतो.

पायरीपायरीनं

सगळे अवयव ॲट्रोपिनला सारखेच बळी पडत नाहीत. निरोगी मोठ्या माणसाला वाढत्या मात्रेत औषध दिलं, तर अवयव एकेक करून शरण येतात.

अर्ध्या मिलिग्रॅमला तोंड जरा सुकतं आणि घाम कमी होतो. नाडी मात्र वाढण्याऐवजी थोडी मंदावते. हृदयाला आवरणाऱ्या व्हेगस नसेच्या टोकावर ‘आता पुरे’ सांगणारा एक ब्रेक असतो. कमी मात्रेत ॲट्रोपिन आधी तो ब्रेकच काढतं, म्हणून लगाम सुटायच्या आधी क्षणभर आवळला जातो. हृदय मंदावलेल्या रुग्णाला भीत भीत अगदी कमी मात्रा देणं धोक्याचं ठरतं ते यामुळे.

एक मिलिग्रॅमला घसा कोरडा पडतो, तहान लागते, नाडी वाढू लागते आणि बाहुली किंचित मोठी होते. दोन मिलिग्रॅमला छातीत धडधड जाणवते. तरुण माणसाची नाडी मिनिटाला ३५-४० ठोक्यांनी वाढू शकते, आणि जवळचं वाचता येईनासं होतं. तान्ह्या बाळात आणि म्हाताऱ्या माणसात हृदयावरचा परिणाम कमी दिसतो, कारण त्यांच्यात व्हेगसचा लगाम मुळातच सैल असतो. दुसऱ्याचं हृदय बसवलेल्या माणसात तर तो जवळजवळ दिसतच नाही, कारण शस्त्रक्रियेत ती नसच कापली गेलेली असते.

पाच मिलिग्रॅमला बोलणं आणि गिळणं जड जातं, कातडी गरम आणि सुकी होते, लघवी अडते, आतडी मंदावतात आणि माणूस अस्वस्थ होतो. दहा आणि त्यापुढं मेंदूची पाळी येते. बाहुली इतकी पसरते, की बुबुळाची रंगीत कडा जेमतेम उरते. चेहरा लाल होतो, चाल झोकांड्या खाते, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात आणि शेवटी शुद्ध हरपते.

जठरातलं आम्ल या जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर आहे. आम्ल नीट कमी होईल एवढं ॲट्रोपिन दिलं, तर तोवर तोंड सुकलेलं, डोळे धूसर आणि लघवी तुंबलेली असते. अल्सरवर ॲट्रोपिन टिकलं नाही याचं कारण एवढंच. औषधाचा गुण आणि त्याचा त्रास इथं वेगळे नाहीतच. ज्याला एका पायरीवर उपयोग म्हणायचं, तोच दुसऱ्या रुग्णात त्रास असतो.

पायऱ्या चुकवण्याच्या युक्त्या

मग हव्या त्या अवयवापुरता परिणाम कसा मिळवायचा? ॲट्रोपिनच्या सगळ्या भावंडांचा जन्म या एका प्रश्नातून झाला आहे.

पहिली युक्ती म्हणजे औषध थेट जागेवर टाकायचं आणि लवकर उतरेल असं निवडायचं. डोळ्याचा पडदा बघण्यासाठी बाहुली मोठी करायची, तर ॲट्रोपिनचा असर आठवडाभर आणि कधी त्याहूनही जास्त टिकतो. तेवढे दिवस कोण वाचल्याविना राहील? म्हणून तिथं ट्रॉपिकामाइड वापरतात, ते साधारण सहा तासांत उतरतं. सायक्लोपेंटोलेट दिवसभर, होमॅट्रोपिन एक ते तीन दिवस. बुबुळाला सूज आली असेल, तर मात्र ॲट्रोपिनची चिकाटीच उपयोगी पडते. बाहुली पसरलेली राहिली, की सुजलेलं बुबुळ मागच्या भिंगाला चिकटत नाही.

दुसरी युक्ती रसायनशास्त्रातली. रेणूवर कायमचा विद्युतभार चढवला, की तो आतड्यातून नीट शोषला जात नाही आणि मेंदूत तर जवळपास शिरतच नाही. दम्यासाठी धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढण्याची आपल्याकडची जुनी रीत १९ व्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासहून ब्रिटनमध्ये गेली. त्या धुराने श्वासनळ्या मोकळ्या होत, पण डोकंही फिरे. आजचे इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम हे श्वासातून घ्यायचे पंप म्हणजे तोच धूर, डोकं फिरवणं वजा करून. भूल देण्यापूर्वी लाळ आटवणारं ग्लायकोपायरोलेट आणि पोटात कळ आल्यावर दिलं जाणारं हायोसिन ब्युटिलब्रोमाइड हीसुद्धा याच घराण्यातली.

तिसरी युक्ती पहिल्या दोन्हींच्या उलट, म्हणजे मुद्दाम मेंदूत जाणारं औषध निवडायचं. घाटात गाडी लागणाऱ्यांना निघण्याआधी हायोसिन देतात. कानामागं चिकटवायची त्याची पट्टी तीन दिवस चालते, मात्र झोप येते. कंपवातात ट्रायहेक्सिफेनिडिल हात थरथरणं कमी करतं.

मूत्राशयाचा स्नायू वेळीअवेळी आवळून सारखी घाईची लघवी लागत असेल, तर ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन यांपैकी एक देतात. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना याच घराण्याचा फटका बसतो. त्यांची लघवी आधीच अडखळत असते. सर्दीसाठी क्लोरफेनिरामिनची साधी गोळी घेतली, की रात्रीतून पार बंद होते. क्लोरफेनिरामिन ॲलर्जीचं औषध खरं, पण मस्करिनिक खुर्च्याही अडवतं. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन तसंच. दोन-तीन डॉक्टरांच्या दोन-तीन चिठ्ठ्या एकत्र आल्या, की बेरीज पाचव्या पायरीवर पोचते आणि घरचे म्हणतात, ‘आजोबा अचानक भ्रमिष्टासारखे वागायला लागले.’ ज्यांच्या डोळ्याचा कोन अरुंद आहे त्यांच्यात बाहुली पसरल्यावर डोळ्यातलं पाणी तुंबतं आणि काचबिंदूचा तीव्र झटका येतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला पोट दुखतंय म्हणून डायसायक्लोमिनचे थेंब कधीच देऊ नयेत. त्या वयात श्वास थांबल्याचे प्रकार घडलेले आहेत.

हृदयासाठीचा उपयोग थोडक्यात सांगता येतो. हृदय फार मंदावून रक्तदाब पडला, तर मोठ्या माणसाला शिरेतून १ मिलिग्रॅम देतात आणि दर तीन ते पाच मिनिटांनी पुन्हा, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत. त्या मात्रेला व्हेगस पुरती गप्प झालेली असते. त्यापुढं आणखी टोचून हृदय वेगानं धावत नाही.

पंचेचाळीस अँप्युल

तीन मिलिग्रॅम ही इथली मर्यादा. मग कापसाच्या पट्ट्यात एकाच रुग्णाला तासाभरात सत्तावीस मिलिग्रॅम का द्यावे लागतात?

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती विषं एका जातीची नव्हती आणि ॲट्रोपिन सगळ्या कीटकनाशकांवर चालतही नाही. चालतं ते ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन कुळांवर. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही त्यातली माहितीची नावं. ही विषं ॲसिटिलकोलीन मोडून टाकणारं विकर, म्हणजे त्याचा झाडूवालाच बंद पाडतात. निरोपाचं रसायन साचत जातं आणि ॲट्रोपिननं जे जे आटतं, ते ते सगळं वाहू लागतं.

अशा रुग्णाचं एक नमुन्याचं चित्र डोळ्यांसमोर आणू. वय चाळिशीचं. दिवसभर फवारणी केलेली, सदरा पाठीवर औषधानं भिजलेला. तोंडातून फेस, डोळ्यांतून पाणी, अंग घामानं निथळतंय, कपडे खराब झालेले. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. नाडी ४८, वरचा रक्तदाब ७६. स्टेथोस्कोप लावला की दोन्ही फुप्फुसांत पाणी खळखळतंय. हा रुग्ण आपल्याच स्रावात बुडून मरू शकतो. पहिलं काम प्राणवायू देणं, कपडे काढणं आणि हातमोजे घालून साबण-पाण्यानं अंग धुणं. त्याच वेळी शिरेतून ॲट्रोपिन सुरू करायचं.

सुरुवात ३ अँप्युल, म्हणजे १.८ मिलिग्रॅमनं. पाच मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तपासायचं. फुप्फुसं ओलीच, म्हणून मात्रा दुप्पट, ६ अँप्युल. पुन्हा पाच मिनिटं. नाडी ६२, काख अजून भिजलेली. आता १२. पंधराव्या मिनिटाला खळखळ कमी झालेली, पण गेलेली नाही. म्हणून २४. विसाव्या मिनिटाला छाती स्वच्छ, नाडी ९६, वरचा रक्तदाब १०४, काख कोरडी. एकूण ४५ अँप्युल झाल्या, म्हणजे २७ मिलिग्रॅम.

निरोगी माणूस याच्या निम्म्यात भ्रमिष्ट झाला असता. हा झाला नाही, कारण संगीत खुर्चीत समोरच्यांची गर्दीच तेवढी होती. इथं मात्रा ठरते ती छाती ऐकून, पुस्तकातल्या आकड्यावरून नाही. लक्ष्यं पाच असतात. छाती मोकळी, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काख कोरडी आणि बाहुली टाचणीएवढी न राहणं. त्यातही पहिला मान छातीचा. बाहुली कधी कधी मागं रेंगाळते, म्हणून एकट्या बाहुलीकडे बघून औषध वाढवत नेऊ नये. विष फुप्फुसात गेलं असेल, तर एकाच बाजूला खरखर राहते. ती ॲट्रोपिननं जाणार नाही हेही ओळखावं लागतं.

लक्ष्य गाठल्यावर लागलेल्या एकूण मात्रेचा दहावा ते पाचवा हिस्सा दर तासाला सलाईनमधून चालू ठेवतात. आपल्या रुग्णाला म्हणजे तासाला २.७ ते ५.४ मिलिग्रॅम.

खरी चूक होते ती यानंतर, मध्यरात्री. रुग्ण बडबडू लागतो, चादरीवरचं नसलेलं काही वेचतो, नळ्या ओढतो. अंगात ताप, नाडी १४०. नातेवाईक घाबरतात, ‘विष डोक्यात चढलं.’ ड्युटीवरचा नवखा डॉक्टरही तसंच समजतो आणि ॲट्रोपिनचा वेग वाढवतो. आता आजार राहत नाही, उपचाराचंच विष होतं. ओळखायचं कसं? काखेत हात घालायचा. ओली असेल, तर ॲट्रोपिन कमी पडतंय. कोरडी ठाक असेल, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आतड्यांचा एकही आवाज येत नसेल आणि मूत्राशय फुगलेलं असेल, तर ॲट्रोपिन जास्त झालंय. मग सलाईनमधलं औषध बंद करून दर अर्ध्या तासाला तपासायचं आणि लक्षणं ओसरल्यावर आधीच्या वेगाच्या ७०-८० टक्क्यांनी पुन्हा सुरू करायचं.

ॲट्रोपिनची हद्दही इथंच कळते. स्नायूंवरच्या खुर्च्या दुसऱ्या जातीच्या, निकोटिनिक असतात. त्यांना ॲट्रोपिन हातही लावत नाही. म्हणून छाती स्वच्छ झालेला रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान उचलू शकत नाही, श्वासाचे स्नायू थकतात आणि व्हेंटिलेटर लावावा लागतो. मानेची ताकद रोज बघणं हे तेव्हाचं राखणदाराचं काम.

आणि ओली काख दिसली की ॲट्रोपिन द्यावंच असंही नाही. कोकणात लाल विंचू चावलेला माणूस घामानं थबथबतो, उलट्या करतो. तिथं ॲट्रोपिन दिलं, तर आधीच चढलेला रक्तदाब आणि धावणारं हृदय आणखी बिघडतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची वाट दाखवली, ती अशा रुग्णांसाठी.

काटेरी बोंड

ॲट्रोपिनची विषबाधा औषधाच्या बाटलीतून होते, तशीच बांधावरच्या धोतऱ्यातूनही. युरोपातल्या बेलाडोनाच्या झुडपातून ॲट्रोपिन १८३० च्या दशकात शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं. आपल्या धोतऱ्यात त्याच कुळातली हायोसायमिन आणि हायोसिन ही द्रव्यं असतात. ॲट्रोपिन म्हणजे हायोसायमिनचंच आरशातल्या प्रतिबिंबासकट झालेलं मिश्रण. महादेवाला वाहिलेलं फळ मुलं फोडतात, कुणी पाला भाजीत येतो, कुणी भांगेत बिया घालतं, आणि प्रवाशाला गुंगवून लुटण्यासाठी धोतऱ्याचा वापर तर फार जुना आहे.

लक्षणं अर्ध्या-एक तासात सुरू होतात आणि पायऱ्यांच्या क्रमानंच येतात. आधी तोंड कडू-कोरडं, मग गिळता येत नाही, आवाज घोगरा, उजेड सहन होत नाही, चाल दारू प्यायल्यासारखी. त्यानंतर बडबड, आणि कपड्यातून किंवा बोटांच्या टोकांतून नसलेले धागे ओढत राहणं. या धागे ओढण्याचं वर्णन न्यायवैद्यकाच्या आपल्याकडच्या प्रत्येक पुस्तकात सापडतं. पोटातून बिया निघाल्या, तर त्या मिरचीच्या आहेत की धोतऱ्याच्या हे बघावं लागतं. मिरचीचं बी गोलसर, पिवळं, गुळगुळीत आणि चवीला तिखट. धोतऱ्याचं मूत्रपिंडाच्या आकाराचं, तपकिरी, खडबडीत आणि कडू.

गोंधळ होतो तो उत्तेजक नशेशी. ॲम्फेटामिनसारख्या औषधांनीही बाहुली मोठी होते, नाडी धावते, ताप येतो, माणूस सैरभैर होतो. फरक घामाचा. तिथं ‘लढा किंवा पळा’ यंत्रणा पूर्ण जोरात असल्यानं अंग ओलं असतं. इथं घामाच्या ग्रंथीचा निरोपच अडवलेला असल्यानं ते कोरडं. आधी सांगितलेली शरीररचनेतली गंमत हीच.

त्या चार वर्षांच्या मुलाला पॅरासिटामॉल का लागू पडलं नाही, हेही आता कळतं. संसर्गाच्या तापात मेंदूच शरीराचं तापमान वर बेततो आणि पॅरासिटामॉल तो बेत खाली आणतं. इथं बेत ठीक आहे, पण घाम नाही म्हणून उष्णता बाहेर पडत नाही. घाम येत नाही तर घामाचं काम बाहेरून करायचं. कपडे काढून कोमट पाण्यानं अंग पुसत राहायचं आणि पंखा लावायचा.

घरी उलटी काढायला लावू नये, कारण गिळण्याचे स्नायू सुस्त असल्यानं ती श्वासनळीत जाते. दवाखान्यात सक्रिय कोळसा देतात. एरवी तो पहिल्या तासातच उपयोगी पडतो. इथं जठरच मंद झालेलं असल्यानं उशिराही फायदा होऊ शकतो. रुग्णाला शांत, मंद उजेडाच्या खोलीत ठेवायचं, लघवीची नळी घालायची, फार खळबळ असेल तर डायझेपॅमसारखं औषध द्यायचं. वेड लागलंय असं समजून क्लोरप्रोमाझिन देऊ नये, ते स्वतःच मस्करिनिक खुर्च्या अडवतं.

गंभीर रुग्णात फायसोस्टिग्मिन हा उतारा आहे. तो झाडूवाल्यालाच थोडा वेळ थांबवून ॲसिटिलकोलीनची गर्दी वाढवतो आणि मेंदूतही शिरतो. १८६४ साली प्रागमध्ये ॲट्रोपिन प्यायलेल्या कैद्यांना ते देऊन बघितलं गेलं होतं. मोठ्या माणसाला १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश, काही मिनिटं घेऊन. बडबडणारा माणूस बघता बघता आपलं नाव सांगू लागतो. पण असर थोडा वेळच टिकतो, मग धागे ओढणं पुन्हा सुरू होतं. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या औषधानं विषबाधा झाली असेल आणि हृदयाचा आलेख बिघडला असेल, तर फायसोस्टिग्मिनने हृदय थांबू शकतं, म्हणून आधी ईसीजी.

उजळणीचा कागद

तोंड आणि घाम: सर्वांत आधी आटतात. उपयोग: भूल देण्यापूर्वी. धोका: लहान मुलात ताप.

हृदय: कमी मात्रेत क्षणभर मंद, मग वेगवान. उपयोग: मंदावलेली नाडी.

डोळा: बाहुली मोठी, जवळचं धूसर. उपयोग: तपासणी, बुबुळाची सूज. धोका: अरुंद कोनाचा काचबिंदू.

श्वासनळी: मोकळी, स्राव कमी. उपयोग: इप्राट्रोपियम, टायोट्रोपियमचे पंप.

आतडी आणि मूत्राशय: मंद. उपयोग: पोटातली कळ, घाईची लघवी. धोका: वाढलेला प्रोस्टेट.

जठरातलं आम्ल: सर्वांत शेवटी, म्हणून अल्सरवर निरुपयोगी.

मेंदू: ॲट्रोपिननं खळबळ, हायोसिननं झोप. उपयोग: गाडी लागणं, कंपवात.

विषबाधा: अंग तापलेलं, काख कोरडी, चेहरा लाल, बाहुली पसरलेली, बडबड, धागे ओढणं, लघवी तुंबलेली.

ते चार वर्षांचं पोर त्या रात्री वॉर्डात राहिलं. थेंब बंद झाले. आईनं ओल्या फडक्यानं अंग पुसत रात्र काढली. सकाळी राउंडला डॉक्टरांनी तापाचा कागद बघण्याआधी पुन्हा त्याच्या काखेत बोटं घातली. किंचित चिकट लागली. ‘‘घाम आला,’’ ते म्हणाले. डोळ्याच्या बाहुल्या अजून मोठ्याच होत्या, आणखी आठवडाभर तशाच राहणार होत्या. पण भिंतीवरच्या मुंग्या गेल्या होत्या, आणि पोर पाणी मागत होतं.